आधी खिडकी, मग ताट

घरात कुणाला फ्लूचा ताप आला की आपल्याकडे सर्वांत आधी ताट वेगळे होते. वाटी, पेला, चमचा बाजूला काढला जातो आणि त्यांना कुणी हात लावू नये असे मुलांना बजावले जाते. त्याच वेळी रोग्याला वारे लागू नये म्हणून खोलीच्या खिडक्या घट्ट लावल्या जातात. पायांशी बसून कुणी कपाळावर पट्ट्या ठेवते, आजी उशाशी येऊन बसते, मुले दारातून आत-बाहेर करत राहतात. बेसिनशेजारचा नॅपकिन मात्र सगळ्यांचा एकच असतो. चार दिवसांनी घरातले आणखी दोघे अंथरूण धरतात तेव्हा भांडी तर वेगळी ठेवली होती, मग झाले कसे, असा प्रश्न पडतो.

झाले ते हवेतून आणि हातांवाटे. फ्लूचा विषाणू नाक, घसा आणि श्वासनलिकेत वाढतो आणि खोकताना, शिंकताना, बोलताना बाहेर पडणाऱ्या तुषारांतून दुसऱ्यापर्यंत पोचतो. मोठे तुषार साधारण सहा फुटांच्या आत खाली बसतात. त्याहून बारीक कण बंद खोलीत बराच वेळ तरंगतात. अमेरिकेतल्या मेरीलँड विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ साली दाखवून दिले की फ्लूचे रुग्ण खोकत नसतानाही, नुसत्या श्वासातून विषाणू बाहेर टाकतात. म्हणून खोकल्याच्या वेळी तोंडावर रुमाल धरणे आवश्यक असले तरी तेवढ्याने भागत नाही. हवेच्या खालोखाल हात येतात. रोग्याने धरलेली कडी, नळ, मोबाइल, टॉवेल यांवरून विषाणू आपल्या बोटांवर येतो आणि बोटे नकळत नाकाकडे, डोळ्यांकडे जातात. साबणाने घासलेले ताट या क्रमात सर्वांत शेवटी येते. आपली सगळी दक्षता मात्र तिथेच खर्च होते.

पुण्याने हा आजार फार जवळून पाहिला आहे. २००९ साली स्वाइन फ्लूने झालेला देशातला पहिला मृत्यू पुण्यात, ३ ऑगस्टला नोंदला गेला आणि पुढे काही आठवडे शहर तोंडाला रुमाल बांधून वावरत होते. ती साथ ओसरली, पण तो एच१एन१ विषाणू गेला नाही. तो आता नेहमीच्या हंगामी फ्लूंपैकी एक झाला आहे. आपल्या भागात फ्लूचा जोर पावसाळ्यात, साधारण जुलै ते सप्टेंबर, आणि पुन्हा थोडा हिवाळ्यात असतो. म्हणजे खिडक्या लावून घ्याव्याशा वाटतात आणि टॉवेल दिवसभर ओले राहतात, नेमक्या त्याच दिवसांत.

तेव्हा असेच एक घर समोर ठेवून बोलू. पुण्याच्या उपनगरातला एका बेडरूमचा फ्लॅट, ऑगस्ट महिना. घरात आई, बाबा, सात वर्षांची मुलगी आणि सत्तरीच्या, मधुमेह असलेल्या आजी. संडास-बाथरूम एकच. सोमवारी संध्याकाळी बाबा कामावरून आले तेच अंग मोडून आले म्हणत. ताप १०२, घसा दुखतो, कोरडा खोकला. डॉक्टरांनी तपासून फ्लूचा संशय सांगितला, घरीच विश्रांती घ्यायला सांगितली.

या घराने सर्वांत आधी एक गोष्ट समजून घ्यायला हवी. बाबा ताप चढण्याच्या आदल्या दिवसापासून, म्हणजे रविवारपासूनच विषाणू पसरवत होते. रविवारचे जेवण सगळे एकत्र जेवले होते. लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला एक ते चार दिवस जातात. म्हणून मंगळवार ते शुक्रवार या दिवसांत कुणाला कसकस वाटली तर ती रविवार-सोमवारची लागणही असू शकते. तेवढ्यावरून ‘एवढे करून काही उपयोग झाला नाही’ म्हणत सगळे सोडून देऊ नये, कारण बाकीचे दोघे अजून वाचवायचे असतात. पण वेळ दवडूनही चालत नाही. हाँगकाँगमध्ये फ्लूचे रुग्ण असलेल्या कुटुंबांचा अभ्यास झाला, तेव्हा मास्क आणि हात धुणे यांचा फायदा ठळकपणे दिसला तो पहिल्या छत्तीस तासांच्या आत सुरुवात केलेल्या घरांत. नक्की निदान होऊ दे मग बघू, असे म्हणण्यात हे तास निघून जातात. या घरात व्यवस्था सोमवारी रात्रीच बदलली पाहिजे.

बेडरूम बाबांना द्यायची. या घरात आजी बेडरूममध्ये झोपतात. त्यांचे अंथरूण, औषधांचा डबा, चष्मा, जपमाळ, दोन दिवसांचे कपडे असे सगळे एकदाच बाहेर हॉलमध्ये आणायचे, म्हणजे एकेका वस्तूसाठी त्यांची आत ये-जा होणार नाही. सेवा एकाच माणसाने करायची. इथे ते काम आईचे. आजींना आजारपणाचा अनुभव मोठा आणि मुलाजवळ बसण्याची ओढही मोठी, पण त्यांनीच त्या खोलीपासून सर्वांत लांब राहायचे आहे. पासष्टीच्या पुढची माणसे, पाच वर्षांखालची मुले, गरोदर बाई, मधुमेह, दमा, हृदय किंवा मूत्रपिंडाचा विकार असलेले कुणीही फ्लूच्या रोग्याची सेवा करू नये. त्यांना हाच आजार जिवावर बेतू शकतो. आजींनी दाराबाहेरून बोलावे, फोनवर बोलावे. मायेने जवळ बसणाऱ्या माणसाला उठवणे अवघड असते, म्हणून हे डॉक्टरांच्या तोंडूनच सांगितले गेले तर बरे.

आता खिडकी. बेडरूमची खिडकी दिवसरात्र उघडी आणि दार लावलेले, हा नियम. पावसाचे शिंतोडे येत असतील तर चार बोटे तरी फट ठेवायची आणि पलंग खिडकीपासून थोडा सरकवायचा. वाऱ्याने फ्लू वाढत नाही. थंडी वाजली तर पांघरूण वाढवावे, खिडकी लावू नये. छताचा पंखा हवा फिरवतो, ती बाहेर टाकत नाही. उघड्या खिडकीसोबत तो चालतो, बंद खोलीत त्याचा उपयोग नाही. स्प्लिट एसीही खोलीतलीच हवा गार करून पुन्हा खोलीत सोडतो. टेबलफॅन असेल तर तो खिडकीजवळ, तोंड बाहेरच्या बाजूला करून ठेवावा. त्याने खोलीतली हवा बाहेर ढकलली जाते आणि दाराखालच्या फटीतून हॉलची हवा आत येत राहते. आपल्याला हवे आहे ते नेमके हेच. हवा हॉलमधून रोग्याच्या खोलीत जावी आणि तिथून घराबाहेर.

ही दिशा उलटी होण्याचे एक कारण स्वयंपाकघरात असते आणि ते सहसा कुणाच्या लक्षात येत नाही. ओट्यावरची चिमणी किंवा एक्झॉस्ट पंखा चालू केला की तो घरातली हवा जोराने ओढतो. हॉलच्या खिडक्या बंद असतील तर ती हवा येणार कुठून? बेडरूमच्या उघड्या खिडकीतून, बाबांच्या अंगावरून, दाराखालच्या फटीतून थेट पोळ्या लाटणाऱ्या आईपर्यंत. उपाय सोपा आहे. चिमणी लावायच्या आधी हॉलची खिडकी किंवा बाल्कनीचे दार उघडायचे, म्हणजे तिला हवी तेवढी हवा तिथूनच मिळते. दिशा बरोबर आहे की नाही हे पाहायला एक अगरबत्ती पुरे. हॉलच्या बाजूने दाराच्या फटीजवळ ती क्षणभर धरायची. धूर आत ओढला गेला तर व्यवस्था ठीक. धूर हॉलकडे ढकलला गेला तर पंख्याची किंवा खिडक्यांची जुळणी बदलायची. पाहून झाले की अगरबत्ती विझवून टाकायची, खोकणाऱ्या माणसाला धूर नको. आणि ही परीक्षा एकदा चिमणी बंद असताना आणि एकदा चालू असताना करायची.

आईला दिवसातून काही वेळा आत जावेच लागणार. ती आत जाण्याआधी बाबांनी मास्क लावायचा, तिनेही लावायचा. तीन पदरी सर्जिकल मास्क चालतो, तिच्याकडे एन-९५ असेल तर अधिक चांगले. मास्क ओलसर झाला की बदलायचा आणि काढताना पुढच्या भागाला हात न लावता कानांमागच्या दोऱ्या धरून काढायचा. आत काम करून बाहेर पडायचे. गप्पा मारत पलंगावर बसणे हे चार-पाच दिवस टाळायचे. चाळीतल्या एका खोलीच्या घरात वेगळी खोली मिळणारच नाही. तिथे रोग्याचे अंथरूण खिडकीला लागून, बाकीच्यांची किमान सहा फुटांवर, आणि त्याच्या डोक्याच्या दिशेला इतरांचे पाय येतील अशी घालावीत. खिडकी उघडी आणि रोग्याच्या तोंडावर जागेपणी मास्क, या दोन गोष्टींवर तिथे सगळा भार असतो. मधे साडीचा पडदा लावला तर समोरून येणारे तुषार अडतात, तरंगणारी हवा अडत नाही, हे मात्र लक्षात असावे.

बाथरूम एकच असल्याने ती वाटून घ्यावी लागते. सकाळी बाकीच्यांचे आटोपल्यावर बाबांनी शेवटी जावे. हॉल ओलांडताना मास्क. दात घासणे, गुळण्या, नाक शिंकरणे यांत तुषार भरपूर उडतात. म्हणून आपले झाले की त्यांनीच बेसिन पाणी टाकून धुवावे, नळाची चावी, फ्लशचे बटण आणि कडी यांवरून साबणाच्या पाण्यात पिळलेले फडके फिरवावे आणि खिडकी किंवा एक्झॉस्ट चालू ठेवून बाहेर पडावे. पुढच्या माणसाने घाई नसेल तर अर्धा तास थांबावे. बाबांचा ब्रश सगळ्यांच्या ब्रशांना टेकून एका पेल्यात राहता कामा नये. तो त्यांच्या खोलीत ठेवावा.

आता टॉवेल. एका घरात एकच बदल करता येणार असेल तर मी बेसिनजवळचा सामाईक नॅपकिन काढून टाकायला सांगेन. फ्लूचा विषाणू कोरड्या कापडावर काही तासांत निष्प्रभ होतो. स्टील, प्लॅस्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर तो एक-दोन दिवस तग धरतो. त्या मानाने कापड कमी धोक्याचे वाटेल. पण नॅपकिन कोरडा होऊच दिला जात नाही. घाईत अर्धवट धुतलेले हात त्याला पुसले जातात, बाबा त्याने तोंड पुसतात, दहा मिनिटांनी मुलगी शाळेचे दप्तर टाकून हात धुते आणि त्याच ओल्या नॅपकिनला चेहरा पुसते. धुतलेल्या हातांची सगळी मेहनत तिथे वाया जाते. म्हणून प्रत्येकाला वेगळ्या रंगाचा नॅपकिन द्यावा आणि तो वेगळ्या खिळ्यावर टांगावा, एकमेकांना न टेकता. सात वर्षांच्या मुलीलाही रंग लक्षात राहतो.

बाबांचा अंग पुसायचा पंचा, हातांचा नॅपकिन आणि रुमाल त्यांच्याच खोलीत, खिडकीजवळच्या दोरीवर वाळू द्यावेत. नॅपकिन आणि रुमाल रोज बदलावेत. वाफ घेताना डोक्यावरून घेतलेला टॉवेल विसरू नये. त्याच्या आत पाच-दहा मिनिटे नाक मोकळे होते, खोकल्याच्या उबळी येतात, आणि तो बाहेर येतो तेव्हा ओलाचिंब असतो. घरातले सर्वांत दूषित कापड तेच, आणि तोच टॉवेल नंतर सहज खुर्चीच्या पाठीवर टाकला जातो. वाफेने विषाणू मरत नाही, नाक मोकळे होऊन बरे वाटते इतकेच. तेव्हा वाफ घ्यायची ती बाबांच्या खोलीतच, वाफेचे यंत्र त्यांचे एकट्याचे, आणि उकळत्या पाण्याचे पातेले मुलीच्या वाटेत नको.

आणखी एक कापड आहे, आईचा पदर किंवा ओढणी. रोग्याच्या खोलीतून बाहेर येताना ओले हात पदराला पुसले जातात आणि थोड्या वेळाने त्याच पदराने मुलीचे तोंड पुसले जाते. वर्षानुवर्षांच्या सवयीने हे होते. पदर खोचून आत जावे आणि बाहेर येताच साबणाने वीस सेकंद हात धुऊन आपल्या रंगाच्या नॅपकिनला कोरडे करावेत. हात ओले ठेवू नयेत. ओल्या हातांनी जंतू जास्त सहज इकडून तिकडे जातात.

चादरी, पंचे धुवायला काढताना झटकू नयेत आणि छातीशी कवटाळून नेऊ नयेत. कडेकडेने गुंडाळून सरळ बादलीत, नेहमीच्या साबणाच्या पाण्यात अर्धा तास. विषाणूवर स्निग्ध पदार्थाचे आवरण असते आणि साबण तेच फोडतो. त्यामुळे कपडे वेगळे उकळायची किंवा जंतुनाशक ओतायची गरज नसते. मशीनमध्ये घरच्या इतर कपड्यांबरोबर टाकले तरी चालतात. उन्हात वाळले तर उत्तम. पावसाळ्यात ऊन नसले तर पूर्ण कोरडे होईपर्यंत पंख्याखाली, आणि वरून इस्त्री फिरवावी.

भांड्यांचे काम इतके सोपे आहे की त्यावर फार लिहावे लागू नये. भांडे न धुता दुसऱ्याने वापरणे धोक्याचे. साबणाने घासून धुतल्यावर ते कुणीही वापरावे. बाबांच्या दाराबाहेर स्टूल ठेवून त्यावर ताट ठेवायचे, आईने बाजूला व्हायचे, मग त्यांनी ते आत घ्यायचे. जेवण झाल्यावर ताट, वाटी, पेला त्याच स्टुलावरच्या साबणाच्या पाण्याच्या टोपात बुडवायचे. खरकटा स्टीलचा पेला रात्रभर ओट्यावर पडून राहणे हाच खरा धोका, कारण स्टीलवर विषाणू दुसऱ्या दिवसापर्यंत टिकतो आणि सकाळी कुणीतरी तो सहज उचलते. घासायला नेहमीची घासणी, नेहमीचा साबण पुरतो. भांडी घासायला मावशी येत असतील तर ही भांडी त्यांच्यासाठी मोरीत ठेवू नयेत. ती आईने आधीच विसळून, घासून टाकावीत आणि घरात फ्लू आहे हे मावशींना दारातच सांगावे. त्यांनी रजा घेतली तर त्या दिवसांचे पैसे कापू नयेत. त्या पुढच्या चार घरी जातात आणि त्यांच्या स्वतःच्या घरीही एखादी आजी असते.

पाण्यासाठी तांब्या-भांडे खोलीतच द्यावे, म्हणजे बाबा रात्री उठून माठात पेला बुडवणार नाहीत. ताटात उरलेला वरणभात वाया जातो म्हणून आईने खाऊ नये. औषधाचे झाकण, थर्मामीटर, ऑक्सिमीटर यांचा वापर झाला की साबणाच्या पाण्याने किंवा स्पिरिटच्या बोळ्याने पुसावे. नाक पुसलेले कागद झाकणाच्या डब्यात, पिशवीची गाठ मारूनच बाहेर. टीव्हीचा रिमोट, दिव्यांची बटणे, कड्या यांवरून दिवसातून दोनदा साबणाचे फडके पुरे. संडासासाठी ब्लीच वापरायचे असेल तर साधारण चार-पाच टक्क्यांचे २० मिलीलिटर एक लिटर पाण्यात, रोज ताजे. ते टाइल्स धुण्याच्या ॲसिडमध्ये कधीही मिसळू नये. त्यातून निघणारा वायू फुप्फुसांना इजा करतो.

या घरात गुरुवारी बाबांचा ताप उतरला असे धरू. शेवटची पॅरासिटामॉल गुरुवारी रात्री घेतली. गोळीशिवाय पूर्ण २४ तास ताप आला नाही तर शुक्रवारी रात्रीनंतर त्यांनी खोलीबाहेर यायला हरकत नाही. पण लक्षणे सुरू झाल्यापासून पाच ते सात दिवस विषाणू बाहेर पडत राहू शकतो, म्हणून पुढच्या सोमवारपर्यंत आजींसमोर मास्क लावावा आणि आजींनी बेडरूममध्ये परत जाण्याची घाई करू नये. जाण्याआधी चादर, अभ्रे बदलावेत, खिडकी-दार उघडून खोलीत वारे खेळू द्यावे. खोकला पुढे दोन आठवडेही रेंगाळतो. तेवढ्यावरून माणसाला कोंडून ठेवण्याचे कारण नाही. उलट उतरलेला ताप दोन दिवसांनी परत चढला आणि खोकला वाढला, धाप लागली, छातीत दुखले, थुंकीत रक्त दिसले, ओठ-नखे निळसर झाली, माणूस गुंगीत जाऊ लागला किंवा ऑक्सिमीटर ९४ च्या खाली गेला, तर घरची सेवा तिथेच थांबवून रुग्णालय गाठायचे. मुलांना तापासाठी ॲस्पिरिन मुळीच देऊ नये.

आजींवर मात्र सोमवारपासूनच वेगळी नजर हवी. बाबांना फ्लू आहे असे डॉक्टर म्हणाले, त्याच भेटीत घरात मधुमेहाची सत्तर वर्षांची बाई आहे हे सांगावे आणि त्यांच्यासाठी काय करायचे ते विचारावे. विषाणूवरचे ओसेल्टामिवीर हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्याने, लक्षणे सुरू झाल्यावर ४८ तासांच्या आत घेतले तर जास्त उपयोगी पडते. लस आता दिली तरी तिचा परिणाम दिसायला साधारण दोन आठवडे लागतात. ती पावसाळ्याआधी घ्यायची गोष्ट आहे. वृद्धांना फ्लूमध्ये कधी कधी ताप येतच नाही. जेवण नको म्हणणे, दिवसभर झोपून राहणे, बोलण्यात गोंधळ होणे, साखर अचानक वाढणे एवढेच दिसते. आजींनी सकाळचा चहा अर्धा टाकला आणि थर्मामीटर ९८ दाखवत असला, तरी त्यांना त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे.